रिमोट सोफ्याखाली, टीव्ही फोनच्या हाती

क्रोमकास्टसारखी काडी टीव्हीच्या मागे लावली, की फोनवरचं गाणं पडद्यावर जातं. पण टीव्ही स्टँडबायमध्ये असला तर? जागा तो तेव्हाही होऊ शकतो. फोन वायफायवरून काडीला सांगतो आणि काडी एचडीएमआयच्या तेराव्या पिनेवरून टीव्हीला ‘ऊठ, माझं चित्र दाखव’ असा निरोप धाडते. या सोयीचं नाव सीईसी. कंपन्यांनी मात्र तिची बारशी वेगवेगळी केली आहेत: सॅमसंगवर Anynet+, एलजीवर SIMPLINK, सोनीवर BRAVIA Sync. सेटिंगमध्ये हे नाव शोधून ते चालू करायचं.

तरी जमेना? टीव्ही स्टँडबायमध्ये ठेवून फोनवर यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह दाबा. यादीत काडीचं नावच नसेल, तर बहुधा तिची वीज गेली आहे. काडी टीव्हीच्याच यूएसबीवर चालत असली, की अनेक टीव्ही झोपताना तो पुरवठा तोडतात. तिला भिंतीतल्या प्लगवर वेगळा अडॅप्टर द्या. नाव दिसतं, गाणं सुरू झाल्याचंही फोन सांगतो, पण पडदा काळाच, असं असेल तर सीईसी तपासा.

आणि रात्री भिंतीवरचं बटणच बंद करायची आपली सवय असेल, तर यातलं काहीच चालणार नाही.