1 मे पासून मागे मोजताना

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीला पहिल्यांदाच रक्तदान शिबिर घ्यायचं आहे. तारीख ठरली 1 मे. निवड चांगली आहे: उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजं बंद असतात, माणसं गावी जातात आणि रक्ताचा साठा रोडावतो.

आता कॅलेंडर उलटं वाचायचं. 12 आठवडे मागे गेलं की 6 फेब्रुवारी येते. पण पहिली अडचण त्याच्याही आधी उभी असते. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचं, स्त्रीला 120 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे 26 जानेवारीला रक्त दिलेला पुरुष 1 मेला चालतो, त्याच दिवशी दिलेली स्त्री चालत नाही. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात दिलेलं कुणीच चालत नाही. म्हणून यादीतलं पहिलं काम मांडव किंवा बॅनर नव्हे, तर आसपासच्या मंडळांची शिबिरं कधी झाली आणि कधी होणार याची चौकशी.

त्याच आठवड्यात परवानाधारक रक्तकेंद्राला पत्र द्यावं. 1 मेला त्यांच्याकडे मागण्यांची रांग असते, त्यामुळे तोंडी होकारावर विसंबू नये. 6 मार्चपर्यंत, म्हणजे आठ आठवडे आधी, लेखी होकार हाती नसेल तर दुसरं केंद्र गाठायला अजून वेळ असतो. एप्रिलमध्ये तो उरत नाही.

होकारासोबत आकडा ठरतो. पाच तासांत 100 ते 120 दाते हे नियमांतलं प्रमाण आहे. सहा ते आठ खाटांमागे एक डॉक्टर आणि दोन परिचारिका असतात. हॉल त्या मापाने बघायचा: तळमजला, खेळती हवा, पाणी, वीज, नोंदणी आणि तपासणीला वेगळी टेबलं, रक्त दिल्यावर बसायला जागा. गर्दी बहुतेक वेळा खाटांपाशी नाही, हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी तुंबते. तिथे दुसरा माणूस मिळेल का, हे तेव्हाच विचारून घ्यावं.

नावांची यादी 20 मार्चपासून, सहा आठवडे आधी. शंभर पिशव्या हव्यात तर दीडशे नावं धरावीत, कारण हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असलं, वजन 45 किलोपेक्षा कमी भरलं किंवा वर्षभरात टॅटू काढलेला असला की दाता परत जातो. हे प्रश्न नाव लिहून घेतानाच विचारले, तर कुणी रांगेत तासभर उभं राहून हिरमुसत नाही.

शेवटच्या आठवड्यात फोन. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकच निरोप: नीट झोपा, सकाळी न्याहारी करून या, उपाशी येऊ नका.

2 मेला यादीत प्रत्येक दात्यापुढे पुढची तारीख लिहावी: पुरुषांसाठी 30 जुलै, स्त्रियांसाठी 29 ऑगस्ट. पुढचं शिबिर 15 ऑगस्टला ठेवलं, तर आज आलेली एकही स्त्री त्यात रक्त देऊ शकणार नाही.