रुपया घसरणार, पण किती?

सीएच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो: आज डॉलर ८० रुपयांना आहे, भारतात व्याजदर ८ टक्के आणि अमेरिकेत ४ टक्के, तर सहा महिन्यांनंतरचा वायदा दर किती?

इथे पहिली चूक होते ती मुदतीची. दर वार्षिक असतात, म्हणून सहा महिन्यांसाठी ते निम्मे करायचे: ४ आणि २. भाव ‘एका डॉलरला इतके रुपये’ असा दिला असेल, तर रुपयाचा आकडा वर आणि डॉलरचा खाली. ८० × १.०४ ÷ १.०२ म्हणजे ८१.५७ रुपये. ज्या देशात व्याज जास्त, त्याचे चलन वायद्यात स्वस्त. उत्तर ८० च्या खाली आले तर अपूर्णांक उलटा झाला, हे लगेच ओळखावे.

बँकेने वायदा ८१ ला दिला तर? १,००० डॉलर कर्जाऊ घ्या, त्यांचे ८०,००० रुपये करून इथे गुंतवा, ८३,२०० होतील. परतफेडीचे १,०२० डॉलर ८२,६२० रुपयांत मिळतात. ५८० रुपये बिनजोखीम उरतात, आणि याच व्यवहारांमुळे वायदा दर जागेवर येतो.

क्रयशक्ती समतेत मांडणी हीच, फक्त व्याजाच्या जागी महागाई. भारतात ६, अमेरिकेत २ टक्के असेल तर वर्षाने ८३.१४. मात्र वस्तू पैशांइतक्या झटपट सीमा ओलांडत नाहीत. वाहतूक, जकात आडवी येते. म्हणून हा अंदाज वर्षभरात सहज चुकतो, दीर्घ मुदतीतच त्याला अर्थ येतो.