हप्ता किती येईल?

घर घ्यायचं ठरलं की बँकेत जाण्याआधी माणूस हल्ली मोबाइल उघडतो. पंचवीस लाख काढले तर महिन्याला किती जातील, एवढंच त्याला आधी कळायला हवं असतं. शोधाच्या चौकटीत तो साधारण असं काही टाकतो:

```
25 lakh home loan emi 20 years
home loan hapta kiti yeil
25 लाख कर्ज हप्ता किती
```

या तिन्ही ओळींत रक्कम किंवा प्रश्न आहे, पण एकाही ओळीत ‘समान मासिक हप्ता गणकयंत्र’ नाही. पतसंस्था आणि लहान बँकांच्या संकेतस्थळांवर मात्र नेमका असलाच मथळा सापडतो, नाहीतर संस्थेचं भलंमोठं नोंदणीकृत नाव आणि पुढे ‘मुख्यपृष्ठ’. कॅल्क्युलेटर चांगला असतो, हिशेब बरोबर असतो, फक्त त्याची पाटी कर्जदाराच्या भाषेत नसते. ही पाटी म्हणजे दोन ओळी. शोधाच्या निकालात ठळक दिसतं ते शीर्षक आणि त्याखाली बारीक अक्षरात येतं ते वर्णन.

या दोन ओळींची कामं वेगळी आहेत. शीर्षकाचा उपयोग गूगलला पान कशाबद्दल आहे हे ठरवतानाही होतो. वर्णनामुळे क्रमांक वर जात नाही, हे गूगलने पूर्वीच स्पष्ट केलं आहे. ते वाचून माणूस बोट टेकवतो की पुढे सरकतो, एवढंच त्यावर अवलंबून. आणि ‘कीवर्ड्स’ नावाची जी तिसरी ओळ अजूनही अनेक जण मन लावून भरतात, ती क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं गूगलने २००९ सालीच जाहीर केलं आहे. तिच्यावर वेळ घालवू नये.

समजा, एका पतसंस्थेला गृहकर्जाच्या कॅल्क्युलेटरसाठी या दोन ओळी लिहायच्या आहेत. पहिलं काम म्हणजे लोक काय टाइप करतात ते पाहणं. गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. आपलं पान कोणत्या शब्दांवर दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, याची गेल्या सोळा महिन्यांपर्यंतची नोंद त्यात मिळते. पान नवीन असेल तर शोधाच्या चौकटीत ‘होम लोन हप्ता’ एवढंच लिहून थांबावं, खाली सुचवण्या उघडतात. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारणं. लोक समोर येऊन ‘हप्ता’ म्हणतात, ‘ईएमआय’ म्हणतात, ‘होम लोन’ म्हणतात. ‘गृहकर्ज’ हा शब्द कागदावर वाचला की कळतो, पण बोलण्यात कमी येतो. म्हणून शीर्षकात दोन्ही घ्यावेत, पण एकापुढे एक रचून नव्हे, तर वाक्य म्हणून वाचता येईल असे. EMI ही अक्षरं इंग्रजीतच ठेवावीत, कारण मराठी ओळीतही लोक ती तशीच टाइप करतात.

```html
<title>होम लोन EMI कॅल्क्युलेटर: गृहकर्जाचा हप्ता किती येईल?</title>
<meta name="description" content="रक्कम, व्याजदर आणि मुदत भरा; दरमहा हप्ता व एकूण व्याज पाहा. उदा. 25 लाख, 20 वर्षे, 8.5%: हप्ता सुमारे ₹21,696. हिशेब घटत्या शिलकीवर.">
```

संस्थेचं नाव इथे नाही, ते मुद्दाम. निकालात गूगल संकेतस्थळाचं नाव वेगळं दाखवतं. शीर्षकाची सुरुवातीची जागा नावात गेली की कामाचे शब्द शेवटी जातात आणि मोबाइलवर नेमके तेच कापले जातात. ‘शीर्षक साठ अक्षरांत बसवा’ हा प्रचलित नियम मराठीला तंतोतंत लागू होत नाही. ओळ कापली जाते ती पडद्यावरच्या रुंदीनुसार. ‘हप्ता’ दिसायला दोन अक्षरं, पण संगणक ती पाच मोजतो: ह, प, हलन्ताचं चिन्ह, त आणि काना. म्हणून मोजणीच्या साधनावर न विसंबता ओळ स्वतःच्या मोबाइलवर शोधून पाहावी.

वर्णनात खरं उदाहरण दिलं आहे, कारण शोधणाऱ्याला आकडा हवा असतो. पंचवीस लाखांवर वीस वर्षांत भरलेली एकूण रक्कम बावन्न लाखांच्या वर जाते, म्हणजे व्याजच सत्तावीस लाखांच्या आसपास. ‘एकूण व्याज पाहा’ हे शब्द म्हणूनच वर्णनात हवेत. हप्ता परवडतोय असं वाटणारा माणूस ती रक्कम पाहून मुदतीचा पुन्हा विचार करतो.

शेवटचे शब्द, ‘हिशेब घटत्या शिलकीवर’, मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. दुचाकीचं उदाहरण घ्या. एक लाख रुपये, तीन वर्षं, बारा टक्के. विक्रेत्याकडे दर पुष्कळदा ‘फ्लॅट’ सांगितला जातो. त्यात पूर्ण लाखावर तिन्ही वर्षांचं व्याज लागतं, म्हणजे छत्तीस हजार, आणि हप्ता येतो सुमारे ३,७७८ रुपये. हेच बारा टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता ३,३२१ रुपये. दर तोच, फरक महिन्याला साडेचारशेहून अधिक. कॅल्क्युलेटर एका पद्धतीने मोजतो आणि दुकानदार दुसऱ्या, हे आधीच सांगितलं नाही तर कर्जदार चुकीचा आकडा मनात धरून शोरूममध्ये जातो.

दुचाकी, सोनेतारण, ट्रॅक्टर यांची पानं वेगळी करावीत. तिथे मुदत वेगळी, भरायच्या गोष्टी वेगळ्या, शोधणाऱ्याचे शब्दही वेगळे. पण ‘वीस लाखांचा हप्ता’, ‘एकवीस लाखांचा हप्ता’ अशी आकडे बदलून शंभर पानं पाडू नयेत. गूगल अशा पानांना फसवी दारं मानतं आणि ती निकालातून उडवू शकतं. शीर्षकात ‘होम लोन ईएमआय, ईएमआय होम लोन, कर्ज हप्ता, लोन हप्ता’ अशी माळ लावली, तर गूगल ती बाजूला सारून पानावरच्या मोठ्या मथळ्यातून स्वतःचं शीर्षक बनवतं. निकालात आपण लिहिलेली ओळ दिसत नसेल तर हे झालं असावं असं समजावं. पानावरचा मोठा मथळाही त्याच शब्दांचा ठेवला की असं होण्याची शक्यता कमी होते. वर्णन मात्र चांगलं असूनही बदललं जातं. शोधलेल्या शब्दांना पानातला दुसरा मजकूर जास्त जुळला तर गूगल तो उचलतं, त्यात आपली चूक नसते.

बदल केल्यावर काही आठवडे थांबून नोंदी पुन्हा पाहाव्यात. पान वरच्या चार-पाचांत दिसतंय पण उघडतं कोणी नाही, तर ओळींत दोष आहे. कधी वेगळंच काही आढळतं. पान ‘हप्ता थकला तर काय होतं’ अशा शोधांवर दिसू लागतं. तो माणूस कर्ज घेऊन बसलेला आहे, त्याला कॅल्क्युलेटर नको, उत्तर हवंय. त्याच्यासाठी शीर्षकात शब्द घुसडू नयेत, वेगळं पान लिहावं.

एक काम मात्र दर तिमाहीला करायलाच हवं. वर्णनातला व्याजदर आणि आपण आज प्रत्यक्ष देत असलेला दर ताडून पाहा. दर बदलला असेल तर उदाहरणाचा आकडा त्याच दिवशी बदला, नाहीतर तो काढून टाका. वर्णनातल्या हप्त्यावर विसंबून कुणीतरी इसाराचे पैसे देऊन मोकळा झालेला असतो.