सर्दीसाठी झिंक आणि व्हिटॅमिन सी चघळताय? पाकिटावरची ही ओळ आधी वाचा

पाचगणीत जूनपासून धुकं उतरतं आणि पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या या गावात निवासी शाळा बऱ्याच आहेत. वसतिगृहात एकाला सर्दी झाली की आठवड्यात अख्खी खोली शिंकायला लागते. त्यामुळे सुट्टी संपवून परतणाऱ्या मुलांच्या बॅगेत पालक हमखास एक डबा ठेवतात. त्यात व्हिटॅमिन सीच्या नारिंगी गोळ्या असतात, मल्टिव्हिटॅमिनची पट्टी असते आणि परदेशातल्या मावशीने पाठवलेल्या झिंकच्या चघळायच्या गोळ्याही असतात.

यातली प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे ठीक असू शकते. पण तिन्हींमधल्या घटकांची बेरीज डब्यात कुठेच लिहिलेली नसते. ती कशी करायची?

मुळात सर्दीवर यांचा उपयोग होतो का?

थोडाफार. 'कॉक्रेन' या संस्थेने व्हिटॅमिन सीवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध केला. रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांना सर्दी कमी वेळा झाली नाही. झाली तेव्हा ती मोठ्यांमध्ये सुमारे 8 टक्के आणि मुलांमध्ये सुमारे 14 टक्के लवकर बरी झाली. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांचा जेमतेम अर्धा दिवस वाचतो. शिंका सुरू झाल्यावर गोळ्या घेतल्या तर ठोस फायदा दिसला नाही.

झिंकबद्दलचा आढावा 2024 चा आहे. झिंकमुळे सर्दी टळते असं त्यात आढळलं नाही. सर्दी सुरू झाल्यावर घेतल्यास ती सुमारे दोन दिवस आधी बरी होऊ शकते, पण या पुराव्याची खात्री कमी आहे, असं संशोधकांनीच नमूद केलं. मळमळ आणि तोंडाला येणारी विचित्र चव हे त्रास मात्र झिंक घेणाऱ्यांमध्ये जास्त होते.

'कमाल मर्यादा' म्हणजे काय?

शरीराला रोज लागणारी मात्रा आणि रोज घेतली तरी बहुतेकांना अपाय होणार नाही अशी सर्वाधिक मात्रा हे दोन वेगळे आकडे आहेत. 'आयसीएमआर'च्या हैदराबादमधील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये जाहीर केलेल्या तक्त्यानुसार प्रौढ पुरुषाला रोज 17 मिलिग्रॅम झिंक आणि 80 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. कमाल मर्यादा झिंकसाठी 40 आणि व्हिटॅमिन सीसाठी 2000 मिलिग्रॅम आहे.

फरक नीट पाहा. व्हिटॅमिन सीमध्ये गरज आणि मर्यादा यांच्यात पंचवीस पट अंतर आहे, तर झिंकमध्ये अडीच पटही नाही. म्हणून चूक झिंकमध्ये लवकर होते.

मुलांची मर्यादा आणखी खाली असते. अमेरिकी तक्त्यानुसार 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी झिंकची मर्यादा 12 मिलिग्रॅम, तर 9 ते 13 वर्षांसाठी 23 मिलिग्रॅम आहे. व्हिटॅमिन सीसाठी हेच आकडे 650 आणि 1200 आहेत.

झिंक जास्त झालं तर काय होतं?

लगेच जाणवते ती मळमळ किंवा पोटदुखी. खरी अडचण मात्र दिसत नाही. झिंक वाढलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. ते तांब्याला घट्ट पकडून ठेवतं. त्या पेशी गळून पडल्या की तांबंही शरीराबाहेर जातं. हे आठवडे किंवा महिने चाललं तर रक्तक्षय होऊ शकतो, पांढऱ्या पेशी घटू शकतात आणि हातापायांना मुंग्या येऊ शकतात. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी उलट परिणाम करू शकते. प्रौढांसाठीचा 40 चा आकडा याच तांब्याच्या हिशेबातून आला आहे.

व्हिटॅमिन सी जास्त झालं तर बहुधा जुलाब आणि पोटात कळा येतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी मोठ्या मात्रा टाळाव्यात, कारण त्याचा काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतो.

लेबलवर नेमकं काय वाचायचं?

पहिली गोष्ट म्हणजे क्षाराचं वजन आणि झिंकचं वजन एक नसतं. पट्टीवर 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिग्रॅ' असं असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक 22.5 मिलिग्रॅम असतं. झिंक ग्लुकोनेटमध्ये तर वजनाच्या सातव्या भागाइतकंच झिंक असतं. म्हणून 'एलिमेंटल झिंक' या शब्दांपुढचा आकडा शोधा. बेरजेत तोच धरायचा.

व्हिटॅमिन सीच्या गोळीवर बऱ्याचदा दोन ओळी असतात: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड 100 मिग्रॅ आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट 450 मिग्रॅ. इथे 550 ही बेरीज चुकीची आहे. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट 450 म्हणजे व्हिटॅमिन सी 400, म्हणून एकूण 500.

दुसरी गोष्ट, आकडा कशासाठी दिला आहे? आपल्याकडच्या पट्टीवर तो सहसा एका गोळीचा असतो. परदेशी डबीवर तो 'सर्व्हिंग'चा असतो आणि एक सर्व्हिंग कधी दोन गोळ्यांचं असतं.

तिसरी गोष्ट, घशासाठीची प्रत्येक चघळायची गोळी झिंकची नसते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये जंतुनाशक असतं, झिंक नसतं.

आता डब्याची बेरीज करू

समजा, मूल 12 वर्षांचं आहे. नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी घेतं: झिंक 22.5, व्हिटॅमिन सी 75. सर्दी झाल्यावर झिंकच्या चार गोळ्या दिवसभरात चघळतं. प्रत्येकीत 13, म्हणजे 52. शिवाय 500 च्या दोन नारिंगी गोळ्या.

व्हिटॅमिन सी झालं 1075. मर्यादा 1200, म्हणजे आत आहे. पण चव गोड म्हणून तिसरी गोळी खाल्ली की मर्यादा ओलांडली. झिंक झालं 74.5, मर्यादेच्या तिप्पट. नुसत्या मल्टिव्हिटॅमिननेच ते 23 च्या काठावर पोचलं होतं आणि जेवणातलं झिंक अजून धरलेलंच नाही.

मग चाचण्यांमध्ये जास्त मात्रा कशी दिली जाते?

गंमत इथेच आहे. चघळायच्या गोळ्यांच्या ज्या चाचण्यांत फायदा दिसला, त्यांपैकी अनेकांत प्रौढांना दिवसाला 75 मिलिग्रॅमहून जास्त झिंक दिलं होतं. ते मर्यादेच्या वर आहे, पण काही दिवसांपुरतं. जुलाब झालेल्या लहान मुलांनाही डॉक्टर 20 मिलिग्रॅम झिंक 14 दिवस देतात, तेही याच तत्त्वावर. कमाल मर्यादा ही रोज, दीर्घकाळ घेण्यासाठीची रेघ आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी ती ओलांडली जाऊ शकते. घरच्या घरी 'पावसाळाभर रोज एक' असं सुरू केलं तर मात्र ती रेघच लागू होते.

म्हणून डबा भरताना झिंक असलेली एकच गोष्ट ठेवावी आणि ती किती दिवस घ्यायची ते झाकणावर लिहावं. सोबत आणखी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सगळ्या पट्ट्या दाखवाव्यात, कारण झिंक काही अँटिबायोटिक्सचं शोषण कमी करतं. व्हिटॅमिन सीसाठी तर पाचगणीत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी असतेच. शंभर ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम. एक पेरू तर दिवसाची गरज सहज भागवतो.