एका कोष्टकाची चार कोष्टके

बेंगळुरू येथील मुख्य रेल्वे स्थानकाचा संकेत SBC असा आहे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे ‘बेंगळुरू’ झाले, आणि पुढे स्थानकालाही क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव देण्यात आले. संकेत मात्र तोच राहिला. त्याआधी, १ एप्रिल २००३ रोजी, दक्षिण पश्चिम रेल्वे हा नवा झोन अस्तित्वात आला आणि बेंगळुरू व म्हैसूर हे विभाग दक्षिण रेल्वेकडून त्याच्याकडे आले. बेंगळुरू–म्हैसूर मार्गावरील टिपू एक्सप्रेसचे नाव ऑक्टोबर २०२२ मध्ये वडेयार एक्सप्रेस असे झाले. गाडीचा क्रमांक बदलला नाही.

असे बदल ज्या नोंदवहीत उतरवावयाचे असतात, तिची रचना कशी असावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. समजा, गाड्यांचे थांबे दाखविणारे पुढील कोष्टक एखाद्या संगणकात साठविले आहे. सोयीसाठी दोनच गाड्या आणि त्यांचे मोजके थांबे घेतले आहेत.

| गाडी-क्रमांक | गाडीचे नाव | संकेत | स्थानकाचे नाव | विभाग | झोन |
|---|---|---|---|---|---|
| ११३०१ | उद्यान | PUNE | पुणे | पुणे | मध्य |
| ११३०१ | उद्यान | SUR | सोलापूर | सोलापूर | मध्य |
| ११३०१ | उद्यान | SBC | बेंगळुरू | बेंगळुरू | दक्षिण पश्चिम |
| १२६१४ | वडेयार | SBC | बेंगळुरू | बेंगळुरू | दक्षिण पश्चिम |
| १२६१४ | वडेयार | MYS | म्हैसूर | म्हैसूर | दक्षिण पश्चिम |

बेंगळुरू विभाग कोणत्या झोनमध्ये आहे, ही एकच गोष्ट येथे दोनदा लिहिली गेली आहे. खऱ्या कोष्टकात ती त्या विभागातील प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीमागे एकदा, म्हणजे शेकडो वेळा, लिहावी लागेल. झोन बदलला की त्या सर्व ओळी दुरुस्त करावयाच्या. त्यांतील एक जरी राहून गेली, तरी कोष्टक एकाच विभागाविषयी दोन परस्परविरोधी विधाने करू लागते, आणि त्यांतील खरे कोणते हे ओळखण्याचे साधन कोष्टकात नसते.

आयबीएम कंपनीत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि थोड्याच काळाने अशा पुनरुक्तीपासून मुक्त कोष्टकाची एक कसोटी सांगितली. तिला ‘तृतीय सामान्य रूप’ म्हणतात. ज्या स्तंभांवरून संपूर्ण ओळ निश्चित होते, त्यांना कोष्टकाची किल्ली म्हणतात. किल्लीत नसलेला स्तंभ किल्लीवाचून दुसऱ्या कशावरूनही निश्चित होऊ नये, असा या कसोटीचा सोपा आशय आहे. कसोटी मिळाली, परंतु तिला उतरणारी कोष्टके तयार कशी करावयाची? फिलिप बर्नस्टाईन यांनी १९७६ मध्ये त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची एक रीत दिली. मोठे कोष्टक फोडीत बसण्याऐवजी ती रीत मूळ नियमांपासूनच कोष्टके जुळविते. म्हणून तिला संश्लेषण असे नाव पडले.

या रीतीला ओळींची गरज नाही, नियमांची आहे. गाडीचा क्रमांक कळला की तिचे नाव कळते. हे आपण ‘गाडी-क्रमांक → गाडीचे नाव’ असे लिहू आणि अशा नियमाला अवलंबन म्हणू. समजा, कार्यालयातील जाणकारांनी विचारांती पुढील पाच अवलंबने लिहून दिली आहेत.

१. गाडी-क्रमांक → गाडीचे नाव
२. संकेत → स्थानकाचे नाव
३. संकेत, स्थानकाचे नाव → विभाग
४. विभाग → झोन
५. संकेत → झोन

यांत खोटे काही नाही. मात्र अनावश्यक काही आहे. ते काढून टाकून जी आटोपशीर यादी उरते, तिला किमान आवरण म्हणतात. ती मिळविण्यासाठी एकच युक्ती पुनःपुन्हा वापरावी लागते. काही स्तंभ ज्ञात आहेत असे धरावयाचे, आणि नियम लावीत जाऊन आणखी काय काय कळते ते पाहावयाचे. नवे काही कळेनासे झाले की थांबावयाचे.

प्रथम डावी बाजू तपासू. तिसऱ्या नियमात संकेत आणि स्थानकाचे नाव असे दोन स्तंभ आहेत. केवळ संकेत ज्ञात आहे असे धरा. दुसऱ्या नियमाने नाव कळते. आता संकेत आणि नाव दोन्ही हाती असल्याने तिसऱ्या नियमाने विभागही कळतो. अर्थात नावाची तेथे गरजच नव्हती. तिसरा नियम ‘संकेत → विभाग’ एवढाच उरतो. ही काटछाट केली नाही तर काय होईल? विभागाच्या कोष्टकाची किल्ली ‘संकेत आणि नाव’ अशी जोडीची ठरेल. मग SBC ची एक ओळ जुन्या नावाने आणि दुसरी नव्या नावाने, अशा दोन ओळी त्या कोष्टकात सुखाने नांदू शकतील, आणि त्या दोहोंत विभाग निरनिराळे लिहिले असले तरी किल्लीचा नियम मोडला असे संगणकाला दिसणार नाही.

नंतर एकेक नियम तात्पुरता बाजूला ठेवून पाहू. पाचवा नियम झाकला आणि संकेत ज्ञात धरला. तिसऱ्याने विभाग, चौथ्याने झोन. पाचव्या नियमाने जे सांगावयाचे ते त्याच्यावाचूनही कळले. तेव्हा तो कायमचा वगळला. इतर चार नियमांपैकी कोणताही झाकला, तर त्याचा निष्कर्ष अन्य मार्गाने मिळत नाही. म्हणून ते चारही राहतात.

आता कोष्टके जुळविणे सोपे आहे. ज्या नियमांची डावी बाजू समान आहे ते एकत्र आणावयाचे, आणि प्रत्येक गटाचे एक कोष्टक करावयाचे. दुसरा आणि तिसरा हे दोन्ही नियम संकेतापासून निघतात, म्हणून त्यांचे एकच कोष्टक होते.

गाड्या: गाडी-क्रमांक, गाडीचे नाव
स्थानके: संकेत, स्थानकाचे नाव, विभाग
विभाग: विभाग, झोन

प्रत्येक कोष्टकात पहिला स्तंभ किल्ली आहे. पाचवा नियम वगळला नसता, तर स्थानकांच्या कोष्टकात झोनचा स्तंभही शिरला असता, आणि तेथे विभागावरून झोन निश्चित होत असल्याने कसोटी मोडली असती. आता बेंगळुरू विभागाचा झोन एकाच ओळीत आहे. २००३ सारखा बदल पुन्हा झाला, तर ती एक ओळ दुरुस्त केली की काम संपले. गाडीचे नाव बदलले तर गाड्यांच्या कोष्टकातील एक ओळ, स्थानकाचे बदलले तर स्थानकांच्या कोष्टकातील एक ओळ.

सर्व नियम सांभाळले गेले, पुनरुक्तीही गेली. परंतु एक मोठी गोष्ट हरवली आहे, आणि ती प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. कोणती गाडी कोठे थांबते, हे या तीन कोष्टकांत कोठेच नाही. गाड्यांच्या आणि स्थानकांच्या कोष्टकात एकही स्तंभ समान नाही. ती पुन्हा जोडू गेल्यास प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकाशी जुळते. दोन गाड्या आणि चार स्थानके यांच्या आठ ओळी तयार होतात. मूळ ओळी तर पाचच होत्या. जास्तीच्या तीन ओळी खोट्या आहेत: त्या उद्यान एक्सप्रेसला म्हैसूरला नेतात, आणि वडेयार एक्सप्रेसला पुण्यात व सोलापुरात थांबवितात. ओळी वाढल्या आणि माहिती मात्र नष्ट झाली.

असे का व्हावे? गाडी आणि स्थानक यांच्यात कोणतेच अवलंबन नाही. एक गाडी अनेक स्थानकांवर थांबते, एका स्थानकावर अनेक गाड्या थांबतात. रीत केवळ नियमांपासून कोष्टके बनविते. जेथे नियम नाही, तेथे कोष्टकही नाही. ही उणीव दूर करणारी पायरी योआखिम बिस्कुप, उमेश्वर दयाळ आणि बर्नस्टाईन यांनी १९७९ मध्ये मांडली. मूळ मोठ्या कोष्टकाची किल्ली शोधावी. ती तयार झालेल्या एखाद्या कोष्टकात समग्र आलेली असेल तर काहीच करू नये. नसेल तर तिचे एक स्वतंत्र कोष्टक जोडावे.

किल्ली शोधण्यास तीच युक्ती उपयोगी पडते. गाडी-क्रमांक आणि संकेत हे दोन्ही कोणत्याच बाणाच्या उजवीकडे येत नाहीत. म्हणजे ते इतर कशावरूनही कळणार नाहीत, आणि किल्लीत असलेच पाहिजेत. ते दोन ज्ञात धरले की उरलेले चारही स्तंभ कळतात. तेव्हा हीच जोडी किल्ली होय. तिन्ही कोष्टकांपैकी एकातही हे दोन स्तंभ एकत्र नाहीत; म्हणून चौथे कोष्टक येते.

थांबे: गाडी-क्रमांक, संकेत

त्यात पाच ओळी आहेत. त्यांतील प्रत्येक ओळीवरून गाड्यांच्या कोष्टकातील नेमकी एक, स्थानकांच्या कोष्टकातील नेमकी एक, आणि तिच्यावरून विभागांच्या कोष्टकातील नेमकी एक ओळ सापडते. जोडून पाहिल्यास मूळच्या पाच ओळी परत मिळतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. रचना बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहण्याचा हाच मार्ग आहे.

या रीतीची एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. ती नियमांवर विश्वास ठेवते. ते खरे आहेत की नाहीत, हे ती विचारीत नाही. वरील पाच ओळींकडे पुन्हा पाहावे. त्यांत प्रत्येक विभागाचे एकच स्थानक आले आहे. एखादा केवळ ओळी पाहून ‘विभाग → संकेत’ असा सहावा नियम लिहून देईल, आणि या ओळी त्याला खोटे ठरविणार नाहीत. पण तो नियम नव्हे. थोड्याच ओळी निवडल्यामुळे पडलेला योगायोग आहे. त्यावर उभारलेली रचना एका विभागात एकच स्थानक मानील, आणि ज्या दिवशी बेंगळुरू विभागातीलच यशवंतपूर, संकेत YPR, नोंदवावयाचे येईल, त्या दिवशी संगणक ती ओळ नाकारील. ओळी नियम खोटा ठरवू शकतात, खरा ठरवू शकत नाहीत. म्हणून अवलंबनांची यादी कोष्टकातून उचलावयाची नसते. एका विभागात किती स्थानके असू शकतात, हे ज्यांना रेल्वेचे काम ठाऊक आहे त्यांना विचारूनच ती लिहावी लागते.