पंख्याचा कंडेन्सर आणि त्रेसष्ट टक्क्यांची वेळ

रेग्युलेटर पाचवर असूनही छताचा पंखा रेंगाळत फिरतो, किंवा काठीने पात्याला ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, असं झालं की वायरमन बहुतेक वेळा एकच काम करतो. वरच्या वाटीखालचा छोटा कंडेन्सर काढून नवा बसवतो. त्याचा अंदाज सहसा बरोबर असतो. पण काढलेला कंडेन्सर खरोखर किती उतरला होता, हे कुणी मोजत नाही. ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एक रेझिस्टर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि वेळ मोजायचं साधन एवढ्यावर काम होतं.

पंख्याच्या मोटरमध्ये तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीला वीज सरळ मिळते, दुसरीला कंडेन्सरमधून. त्यामुळे दोन्ही गुंडाळ्यांतला प्रवाह एकाच क्षणी चढत-उतरत नाही आणि या फरकामुळेच मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कंडेन्सरची क्षमता घटली की मोटरचा जोर घटतो. ती घटते कशामुळे, हेही पाहण्यासारखं आहे. आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर. फिल्ममध्ये कुठे दोष निघाला की तिथे ठिणगी पडते आणि त्या ठिपक्याभोवतीचा धातू जळून जातो. त्यामुळे शॉर्ट सर्किट टळतं आणि कंडेन्सर चालू राहतो, पण धातूचं तेवढं क्षेत्रफळ कायमचं जातं. असे असंख्य ठिपके साठत गेले की वर २.५ मायक्रोफॅरड छापलेल्या कंडेन्सरमध्ये दोनच उरतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

आता मोजण्याकडे वळू. रिकामा कंडेन्सर रेझिस्टरमधून पाच व्होल्टला जोडला, तर तो एकदम भरत नाही. भरलेली मोठी टाकी बारीक नळीने छोट्या रिकाम्या टाकीला जोडली, की पाणी आधी जोरात येतं आणि दोन्ही पातळ्यांतला फरक कमी होत जाईल तसं मंदावतं. इथेही तसंच घडतं. रेझिस्टरमधून जाणारा प्रवाह पुरवठ्याच्या आणि कंडेन्सरच्या व्होल्टेजमधल्या फरकावर ठरतो. फरक निम्मा झाला की भरण्याचा वेगही निम्मा होतो. म्हणून उरलेला फरक दर ठरावीक काळात ठरावीक पटीनेच घटतो, मग पुरवठा पाच व्होल्टचा असो वा बाराचा.

हा ठरावीक काळ म्हणजे रोध आणि क्षमता यांचा गुणाकार, R × C. शून्यापासून सुरुवात केली तर एवढ्या काळात कंडेन्सर पुरवठ्याच्या ६३.२ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. उरलेला भाग ३६.८ टक्के, म्हणजे एक भागिले २.७१८. रोध माहीत असेल आणि ६३.२ टक्क्यांपर्यंतची वेळ मोजली, तर उरतं ते भागाकाराचं काम: C = t ÷ R.

या रीतीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही, की पुरवठा नेमका किती व्होल्टचा आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. आपण व्होल्ट मोजत नाही, पुरवठ्याचा किती भाग भरला ते पाहतो. मोजणी चालू असताना पुरवठा स्थिर राहिला की झालं. सिग्नेटिक्स कंपनीसाठी हान्स कामेन्झिंड यांनी आखलेली ५५५ टायमर चिप १९७२ साली बाजारात आली, तीही याच आधारावर चालते. पुरवठ्याचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या तिच्या खुणा आहेत, त्यामुळे पुरवठ्याचं व्होल्टेज बदललं तरी तिची वेळ फारशी हलत नाही.

मग ६३.२ टक्केच का? सूत्र सोपं होतं हे एक कारण, पण त्याहून भक्कम कारण दुसरं आहे. समजा, खूण ओळखताना पुरवठ्याच्या एक टक्का इतकी चूक झाली. खूण ९५ टक्क्यांवर असेल तर तिथे व्होल्टेज इतकं हळू चढतं, की वेळेत सुमारे ६.७ टक्क्यांची चूक शिरते. खूण १० टक्क्यांवर असेल तर वेळच इतकी थोडी, की चूक साडेदहा टक्क्यांवर जाते. मधे कुठेतरी ही चूक सर्वांत कमी व्हायला हवी. गणित केलं तर ती जागा नेमकी ६३.२ टक्क्यांवर येते आणि तिथली चूक असते २.७ टक्के.

प्रत्यक्ष मोजणीसाठी आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड सोयीचा आहे. त्याच्या १३ नंबरच्या पिनेपासून १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे) कंडेन्सरच्या एका तारेला जोडायचा, तीच तार A0 पिनेला, आणि दुसरी तार GND ला. हा बोर्ड व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो, आणि पूर्ण आकडा त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याइतका धरतो. म्हणून ६३.२ टक्क्यांची खूण ६४७ वर येते.

```
pinMode(13, OUTPUT);
digitalWrite(13, LOW);
delay(1000);
unsigned long t0 = micros();
digitalWrite(13, HIGH);
while (analogRead(A0) < 647) {}
unsigned long t = micros() - t0;
```

शेवटी t मध्ये वेळ मायक्रोसेकंदांत मिळते. एकदा वाचायला बोर्डाला सुमारे ११० मायक्रोसेकंद लागतात. आपली वेळ २५,००० च्या आसपास असल्याने त्याने अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही.

समजा, उत्तर २०,१०० आलं. रेझिस्टरवर १० किलोओहम लिहिलेलं असलं तरी सोनेरी पट्टा पाच टक्के इकडे-तिकडे असल्याचं सांगतो आणि ती सगळी चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. म्हणून रेझिस्टर आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावा. तो ९,९२० ओहम भरला असं धरू. ०.०२०१ सेकंदाला ९,९२० ने भागलं की २.०३ मायक्रोफॅरड येतात. छापील आकडा २.५ आणि सूट पाच टक्के असेल, तर चांगला कंडेन्सर २.३७ च्या खाली जाता कामा नये. हा जवळजवळ एकोणीस टक्के उतरलेला आहे. पंखा का रेंगाळत होता, याचं उत्तर मिळालं.

मात्र बोर्डाला जोडण्याआधी एक काम टाळता येत नाही. मेन स्विच बंद करून कंडेन्सर काढला तरी त्यात तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात. तेवढे बोर्ड जाळायला पुरेत आणि माणसालाही जोरदार झटका देतात. शिडीवर उभ्या माणसासाठी तो झटका फार धोक्याचा. १० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने दोन्ही तारांना काही सेकंद लावून ठेवावा आणि मग मीटरने शून्य पाहून घ्यावं. स्क्रू-ड्रायव्हरने तारा भिडवायची सवय चांगली नाही. ठिणगी उडते आणि कंडेन्सरलाही इजा होते.

उरलेलं व्होल्टेज थोडंसंच असलं तरी मोजणी बिघडते. प्रोग्राममधली एक सेकंदाची थांबण्याची ओळ त्यासाठीच आहे. ती गाळली आणि मोजणी अर्ध्या व्होल्टपासून सुरू झाली, तर ६३.२ टक्के गाठायला जवळजवळ अकरा टक्के कमी वेळ लागतो. मग धडधाकट २.५ चा कंडेन्सर २.२४ दिसतो आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाते.

उलट दिशेची चूक मल्टिमीटर आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला येते. हाताने मोजता यावं म्हणून ते १ मेगाओहमचा रेझिस्टर घेतात. २.५ मायक्रोफॅरडसाठी वेळ अडीच सेकंद व्हायला हवी, पण ती २.७ येते. बोट उशिरा दाबलं असं वाटतं. पुन्हा पुन्हा मोजूनही सरासरी तिथेच राहते. दोष मीटरचा असतो. बऱ्याच डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. त्यातून थोडा प्रवाह सतत निसटतो आणि कंडेन्सर पाचऐवजी ४.५५ व्होल्टवरच थांबतो. ३.१६ व्होल्टची खूण गाठायला त्याला आठ टक्के जास्त वेळ लागतो. उतरलेला कंडेन्सर अशा मोजणीत बरा दिसू शकतो.

हे ओळखायचं कसं? कंडेन्सर पूर्ण भरू द्यावा आणि तो कुठे थांबतो ते पाहावं. ४.५५ वर थांबला तर ६३.२ टक्के त्या ४.५५ चे घ्यावेत, म्हणजे २.८७ व्होल्ट, आणि रोध १ ऐवजी ०.९०९ मेगाओहम धरावा. उत्तर जागेवर येतं. मीटर न लावता, आर्डुइनोवर १० किलोओहमने मोजतानाही कंडेन्सर पुरवठ्याच्या बराच खाली थांबत असेल, तर तो स्वतःच आतून गळतो आहे. मग क्षमता कितीही भरो, तो बाद.

मी आणखी एक पडताळणी नेहमी सुचवीन. ६४७ ऐवजी ५१२ ची, म्हणजे अर्ध्याची खूण ठेवून दुसऱ्यांदा मोजावं. दोन वेळांचं गुणोत्तर ०.६९३ यायला हवं. वर सांगितलेल्या अर्ध्या व्होल्टच्या शिल्लकीत ते ०.६५७ येतं आणि ४.५५ वर थांबवणाऱ्या गळतीत ०.६७२. दोन्ही ठिकाणी आकडा खाली घसरतो आणि उत्तरावर विसंबण्याआधी जोडणी तपासायला हवी हे समजतं.

या रीतीची एक मर्यादा मात्र पंख्याच्या बाबतीत महत्त्वाची आहे. आपण पाच व्होल्टवर मोजतो, तर कंडेन्सर काम करतो कितीतरी वरच्या व्होल्टेजवर. ज्या फिल्ममध्ये दोनशे व्होल्टच्या पुढेच ठिणगी पडते, तिचा दोष इथे दिसत नाही. त्यामुळे आकडा कमी आला तर कंडेन्सर नक्की बदलावा, पण आकडा बरोबर येऊनही पंखा रेंगाळत असेल, तर नवा कंडेन्सर लावून पाहणं, मग बेअरिंग आणि गुंडाळी तपासणं हाच मार्ग. आणि बदलताना जुन्यावर छापलेलाच आकडा मागावा. जास्त वेगाच्या आशेने २.५ च्या जागी ३.१५ बसवला, तर दुसऱ्या गुंडाळीतून आखणीपेक्षा जास्त प्रवाह जातो आणि मोटर तापते.