चल वेतन, बोनस व परतवसुली

चल वेतन, बोनस व परतवसुली : नोकरीच्या करारात ठरलेल्या एकूण मोबदल्यापैकी जो भाग दरमहा निश्चितपणे मिळत नाही आणि कर्मचाऱ्याच्या कामगिरीवर, संस्थेच्या नफ्यावर किंवा ठरावीक काळ नोकरीत टिकून राहण्यावर अवलंबून असतो, त्यास चल वेतन म्हणतात. वार्षिक कामगिरी-बोनस, रुजू होताना दिला जाणारा बोनस आणि नोकरी न सोडण्याबद्दल दिला जाणारा बोनस हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. एकदा दिलेली अशी रक्कम विशिष्ट घटना घडल्यास परत मागण्याचा मालकाचा करारजन्य हक्क म्हणजे परतवसुलीची अट (क्लॉबॅक) होय. कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यावर या रकमांचे काय होते, हा प्रश्न भारतीय कायद्यात एका मूळ भेदावर अवलंबून आहे. मागितलेली रक्कम कायद्याने दिलेला हक्क आहे, केलेल्या कामाचा मोबदला आहे की पुढे काम करावे म्हणून दिलेले आमिष आहे, हा तो भेद होय.

वैधानिक बोनस : भारतात बोनसची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई व अहमदाबाद येथील कापडगिरण्यांत रुजली. तेव्हा तो मालकाने खुषीने दिलेली रक्कम समजला जाई. १९२४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनस बंद केल्याविरुद्ध संप केला. पुढे १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून काही खर्च व राखीव रकमा वजा करून उरणाऱ्या शिलकीत कामगारांचा वाटा असतो, असे सूत्र मांडले आणि १९६५ च्या बोनस प्रदान अधिनियमाने त्यास कायद्याचे रूप दिले. हा अधिनियम आता वेतन संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, शासनाने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत वेतन असणाऱ्या आणि हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्यास वेतनाच्या किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो; कमाल प्रमाण २० टक्के आहे. १९६५ च्या अधिनियमातील ही वेतनमर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने दरमहा २१,००० रु. करण्यात आली होती. हा बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यावयाचा असतो. वर्षाच्या मध्यात राजीनामा दिल्याने हा हक्क नष्ट होत नाही. केलेल्या कामाच्या प्रमाणात तो मिळतो. लबाडी, आस्थापनेच्या आवारातील हिंसक वर्तन, चोरी, अपहार वा घातपात यांबद्दल बडतर्फी झाल्यास, तसेच लैंगिक छळाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास तो गमावला जातो. राजीनाम्याचा या कारणांत समावेश नाही. म्हणून ‘देयदिनांकास नोकरीत असणाऱ्यांनाच बोनस मिळेल’ अशी करारातील अट वैधानिक किमान बोनसला लागू पडत नाही.

करारजन्य बोनस : वेतनमर्यादेपलीकडील कर्मचाऱ्यांचे चल वेतन मात्र मुख्यतः कराराच्या शब्दांवर उभे असते. येथे तीन प्रकारच्या शब्दयोजना आढळतात. पहिलीत मोजमापाचे सूत्र दिलेले असते, उदा., वर्षाचे उद्दिष्ट पूर्ण झाल्यास ठरावीक रक्कम देण्याचे वचन. असे उद्दिष्ट पूर्ण करून राजीनामा देणाऱ्याची मागणी सर्वांत बळकट असते, कारण मालकाला त्या श्रमाचे फळ आधीच मिळालेले असते. दुसरीत रक्कम ‘व्यवस्थापनाच्या संपूर्ण विवेकाधीन’ म्हटलेली असते. येथे कर्मचाऱ्याजवळ विशिष्ट रकमेचे वचन नसल्याने त्याची बाजू दुबळी होते. तिसरीत कामगिरीच्या जोडीला उपस्थितीची अट असते: रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्या दिवशी कर्मचारी सेवेत असला पाहिजे आणि त्याने राजीनाम्याची सूचनाही दिलेली नसावी. बहुतेक वाद या तिसऱ्या प्रकारात उद्‌भवतात. वर्ष ३१ मार्चला संपते, मूल्यमापन मेमध्ये होते व रक्कम जूनमध्ये हाती येते. या मधल्या काळात राजीनामा देणाऱ्याने वर्षभर काम केलेले असूनही अटीची पूर्तता होत नाही.

अशा करारात बारकाईने पाहावयाची गोष्ट म्हणजे अट कोणत्या दिनांकाशी जोडली आहे ही होय. राजीनामा सादर केल्याचा दिवस, सूचनाकाल संपून सेवामुक्त होण्याचा दिवस, हिशेबी वर्षाचा अखेरचा दिवस आणि रक्कम देण्याचा दिवस हे चार वेगळे दिनांक आहेत. सूचनाकाल तीन महिन्यांचा असल्यास पहिल्या दोहोंतील अंतरानेच निकाल बदलू शकतो.

परतवसुली : रुजू होतानाचा बोनस हा आधी दिलेला व पुढील सेवेने फेडावयाचा मोबदला असतो. त्याच्या परतफेडीच्या अटी दोन रीतींनी लिहिल्या जातात. एका रीतीत ठरलेल्या मुदतीपूर्वी केव्हाही नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत करावी लागते, तर दुसऱ्या रीतीत न केलेल्या सेवेच्या प्रमाणातच ती परत करावी लागते. एका कल्पित उदाहरणावरून या भेदाचे महत्त्व ध्यानात येईल.

एका कर्मचाऱ्याचे निश्चित वार्षिक वेतन १५ लक्ष रु. व उद्दिष्टपूर्तीचे चल वेतन ३ लक्ष रु. आहे. तो १ एप्रिल २०२४ रोजी रुजू झाला. त्यास २,४०,००० रु. बोनस मिळाला व २४ महिने सेवेची अट होती. त्याने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी राजीनामा दिला आणि तीन महिन्यांच्या सूचनेनंतर ३१ जानेवारी २०२६ रोजी तो सेवामुक्त झाला. एका महिन्याच्या सेवेचा भार १०,००० रु. होतो. प्रमाणशीर अट असून ती सेवामुक्तीच्या दिवसाशी जोडलेली असल्यास २२ महिने पुरे झाले, म्हणून २०,००० रु. परत द्यावे लागतील. हीच अट राजीनाम्याच्या दिवसाशी जोडलेली असल्यास १९ महिने धरले जातील व ५०,००० रु. द्यावे लागतील. संपूर्ण परतफेडीची अट असल्यास २,४०,००० रु. द्यावे लागतील. त्याच्या दहा महिन्यांच्या कामास अनुरूप असे २,५०,००० रु. चल वेतनही, देयदिनांकास सेवेत असण्याची अट असल्यास, जाईल. त्याने दोन महिने उशिरा, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ रोजी राजीनामा देऊन ३१ मार्च २०२६ रोजी सेवा सोडली असती, तर सेवामुक्तीच्या दिवसाशी जोडलेल्या अटीखाली बोनसचा काहीच अंश परत करावा लागला नसता. चल वेतन मात्र जूनमधील देयदिनांकाच्या अटीमुळे तरीही अडकले असते.

येथे कराचा प्रश्नही उपस्थित होतो. बोनस वेतन म्हणून करपात्र असल्याने कर कापूनच हाती पडतो. वरील रक्कम सर्वस्वी ३० टक्के दराच्या टप्प्यात पडते असे धरले, तर ४ टक्के उपकरासह ७४,८८० रु. कर जाऊन १,६५,१२० रु. मिळतात. करारात ‘एकूण रक्कम’ परत करण्याचे लिहिले असल्यास कधीच हाती न आलेले ७४,८८० रु. कर्मचाऱ्यास स्वतःजवळून भरावे लागतात. परतफेड त्याच आर्थिक वर्षात झाल्यास मालकास करकपातीचा मेळ घालता येतो. वर्ष उलटल्यावर तो सहजासहजी घालता येत नाही. म्हणून परतफेड करोत्तर रकमेची की एकूण रकमेची, हे करारातच स्पष्ट असणे हिताचे ठरते.

कायदेशीर मर्यादा : परतवसुलीच्या अटीची परीक्षा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दोन कलमांखाली होते. कलम २७ प्रमाणे व्यवसायास प्रतिबंध करणारा करार शून्य असतो. कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल रक्कम आधीच ठरविलेली असली, तरी न्यायालय तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास (१९६३) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व विशद केले. त्यामुळे केवळ जरब बसविण्यासाठी लिहिलेला मोठा आकडा जसाच्या तसा वसूल होईलच असे नाही. बोनस म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम परत मागणे व काहीही न देता दंड मागणे यांतही फरक आहे. पहिल्या प्रकारात मालकाची बाजू स्वभावतःच अधिक सबळ असते.

विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास २ लक्ष रु. भरण्याची अट मान्य करून रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, हरकत नोंदवून रक्कम भरली आणि अटीस आव्हान दिले. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला: ही अट नोकरीच्या काळापुरती असून नोकरी सोडल्यानंतरच्या व्यवसायावर बंदी घालत नाही, सार्वजनिक बँकेस खुल्या स्पर्धेतून भरतीचा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि त्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या वेतनाच्या मानाने रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले. अशा अटी नेहमीच वैध असतात, असा याचा अर्थ नाही. मुदत, रक्कम व मालकास होणारी प्रत्यक्ष झीज यांचा विचार प्रत्येक प्रकरणी करावा लागतो.

वसुलीची रीतही मर्यादित आहे. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कार्यदिनांत चुकते करावे लागते, कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज कपात करता येत नाही आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ शकत नाही. वरील उदाहरणातील २,४०,००० रु. अखेरच्या महिन्याच्या १,२५,००० रुपयांतून परस्पर वळते करून घेणे म्हणून शक्य नाही; उरलेल्या रकमेसाठी मालकास मागणीपत्र व अखेरीस दिवाणी दावा हाच मार्ग राहतो. करारावर आधारलेल्या अशा दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते आणि ती दोन्ही पक्षांस सारखीच लागू असते.

बँकांतील उच्चाधिकारी : खाजगी बँकांच्या पूर्णवेळ संचालकांच्या व मोठी जोखीम घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत परतवसुली ही केवळ कराराची बाब राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलेल्या व १ एप्रिल २०२० पासून लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी चल वेतनाचा किमान ६० टक्के भाग निदान तीन वर्षे पुढे ढकलणे आवश्यक केले. पुढे ढकललेली, अद्याप न दिलेली रक्कम रोखण्यास ‘मालस’ व दिलेली रक्कम परत घेण्यास ‘क्लॉबॅक’ अशी वेगळी नावे आहेत. कर्जाचे नुकसान वर्षानुवर्षांनी उघड होते, तर बोनस त्याच वर्षी मिळतो, ही विसंगती दूर करणे हा त्यामागील हेतू होय. येथे परतवसुलीचे कारण राजीनामा नसून गैरवर्तन किंवा चुकीचा ठरलेला हिशेब हे असते; म्हणून राजीनामा स्वीकारला गेल्यानेही हे दायित्व संपुष्टात येत नाही. सामान्य कर्मचाऱ्याच्या करारातील अट याच्या उलट असते. तीत दोषाचा प्रश्न नसतो. न केलेल्या सेवेचा हिशेब तेवढा असतो, आणि त्या हिशेबाच्या प्रमाणात असेपर्यंतच ती न्याय्य ठरते.